व्याह्यांसमोर तोंडून गेलेला शब्द

"ताई, माझ्या मुलानं ऑफिसातली मुलगी पसंत केली आहे. साक्षगंधाची तारीख धरायला आम्ही इंदोऱ्याला त्यांच्या घरी गेलो होतो. बोलता बोलता मी अगदी मनापासून म्हणाले, 'आमच्या घरी हरिजनांच्या बाबतीत कधीच भेदभाव नव्हता.' मुलीचे वडील एकदम गप्प झाले. त्यांचा चहा तसाच राहिला. परत येताना मुलगा माझ्याशी बोलला नाही. माझे वडील खादीधारी होते. हा शब्द आदराचा आहे असंच त्यांनी आम्हाला शिकवलं. मग मी 'दलित' म्हणायला हवं होतं का? आता त्यांच्याशी काय बोलू? आणि लग्नाच्या पत्रिकेत काय छापायचं?
– एक आई, महाल, नागपूर"

ताई,

तुमचे वडील मनात वाईट धरून हा शब्द वापरत नव्हते, हे मी मानते. माझ्याही घरी तो असाच वापरला जायचा. तरीही तुमच्या व्याह्यांना जे लागलं ते खरं आहे, आणि त्यामागे फार जुनी गोष्ट आहे.

'हरिजन' हा शब्द गांधीजींनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केला. १९३३मध्ये त्यांनी याच नावाचं साप्ताहिकही काढलं. हेतू असा की तोवरची हिणवणारी नावं मागे पडावीत. पण ज्यांच्यासाठी हे नाव होतं त्यांच्यातल्या अनेकांनी ते तेव्हाच नाकारलं. १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत एका विधेयकातून हा शब्द कायद्यात येऊ लागला, तेव्हा बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या पक्षाचे आमदार निषेध म्हणून सभागृहाबाहेर निघून गेले. त्यांचे सहकारी भाऊराव गायकवाड यांनी विचारलं होतं की आम्ही देवाची माणसं, तर बाकीचे काय राक्षसाची? या प्रश्नात सगळं आलं. विहीर बंद, देऊळ बंद, आणि नाव मात्र देवाचं. शिवाय ते नावही दुसऱ्यानं ठेवलेलं. पुढे हाच शब्द टोमणा मारायला वापरला जाऊ लागला. जातीच्या दाखल्यावर 'हरिजन' लिहू नये, असं केंद्र सरकारनं १९८२ सालीच राज्यांना कळवलं होतं. हा शब्द आज अपमान करण्यासाठी वापरला जातो, असं २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं.

आता 'दलित'. तो शब्द निराळा आहे, कारण तो चळवळीनं स्वतः उचलला. दलित म्हणजे दडपलेला, चिरडलेला. म्हणजे कोणीतरी चिरडणारा आहे, हे तो शब्द बोलून दाखवतो. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तरुणांनी तो छातीठोकपणे लावला. आजही अनेक कार्यकर्ते आणि लेखक तो अभिमानानं लावतात. पण तुमच्या व्याह्यांना तो चालेलच असं नाही. इथे नागपूरचं म्हणून काही वेगळं आहे आणि ते तुम्ही समजून घ्यावं असं मला फार वाटतं.

१४ ऑक्टोबर १९५६ला आपल्या याच शहरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवशी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये एक अशी आहे की आज माझा नवा जन्म होत आहे. ज्या घरानं ही प्रतिज्ञा घेतली, त्या घरानं जातीचं जुनं नाव तिथेच सोडलं आणि 'बौद्ध' हे नाव स्वतःच्या इच्छेनं घेतलं. त्यांना 'दलित' म्हटलं की काहींना वाटतं, आम्ही ज्यातून बाहेर पडलो तिथेच तुम्ही आम्हाला परत नेऊन बसवता. या शब्दाचा वाद २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही आला होता. त्यानंतर केंद्र सरकारनं वाहिन्यांना 'अनुसूचित जाती' हा शब्द वापरण्याचा सल्ला दिला, आणि त्यावर चळवळीतल्याच अनेकांनी हरकत घेतली, कारण 'दलित' हे त्यांनी स्वतः निवडलेलं नाव होतं. थोडक्यात, ज्याचं नाव त्यालाच विचारायचं.

'नवबौद्ध'ही टाळा. सरकारी अर्जांवर तो दिसतो, म्हणून बरेच जण तो सरळ उचलतात. पण आजोबांनी दीक्षा घेतली, वडील बौद्ध म्हणून जन्मले, मुलगीही बौद्ध म्हणूनच जन्मली. तिसऱ्या पिढीला 'नव' का म्हणायचं? त्यांच्या दाखल्यावर जुन्या जातीचं नाव असू शकतं, कारण अनुसूचित जातींच्या यादीत जातीच लिहिलेल्या आहेत. (बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९०मध्ये मिळाल्या, त्याही याच यादीतून.) मुलीचे वडील आपल्या बालपणाबद्दल बोलताना ते नाव स्वतः घेतीलही. ते त्यांनी घेणं वेगळं आणि तुम्ही घेणं वेगळं.

मात्र उद्यापासून सगळ्यांनाच 'बौद्ध' म्हणू नका. शेजारचं कुटुंब मातंग असेल, चर्मकार असेल, वाल्मिकी किंवा सुदर्शन समाजाचं असेल. त्यांनी धर्म बदललेला नाही, त्यांची स्वतःची नावं आहेत.

आता तुमच्या वाक्याकडे येते. ताई, शब्द बदलून 'आमच्या घरी बौद्धांच्या बाबतीत भेदभाव नव्हता' असं तुम्ही म्हणाला असतात, तरी चहा तसाच राहिला असता. सोयरीक जुळवायला बसलेल्या माणसाला त्या वाक्यातून ऐकू येतं की आम्ही वरचे आहोत आणि तुम्हाला चालवून घेतो आहोत. त्या दिवशी खरं तर जातीचा विषय निघायचं कारणच नव्हतं. मुलीचं शिक्षण, तिची नोकरी, तिला काय आवडतं, एवढंच पुरेसं होतं.

माफी फोनवर नको. मुलाला सोबत घ्या आणि इंदोऱ्याला जा. ते 'जय भीम' म्हणतील, तुम्हीही 'जय भीम' म्हणा, मोकळेपणानं. मग बसल्या बसल्या सांगा, "त्या दिवशी मी जो शब्द वापरला तो चुकीचा होता. मला त्याचा इतिहास माहीत नव्हता. मला माफ करा." इतकंच. वडिलांची खादी मध्ये आणू नका, गांधीजींनाही नको. 'माझा हेतू वाईट नव्हता' हेही म्हणू नका, नाहीतर समजूत काढायचं काम त्यांच्यावरच येऊन पडतं. व्याही त्यावर काही बोलले तर मध्ये न बोलता ऐकून घ्या. त्यांना सांगण्यासारखं बरंच असेल. आणि मुलीला एकटीला गाठून 'तुम्हाला काय म्हणू?' असं विचारू नका. तिला तिच्या नावानंच हाक मारा.

पत्रिकेचं म्हणाल, तर जात कोणाचीच छापू नका, तुमचीही नाही. लग्न बौद्ध पद्धतीनं होणार असेल तर त्यांच्याकडे पत्रिकेवर बहुधा 'मंगल परिणय' लिहितात आणि वर बुद्धांना वंदन असतं. मजकूर तुम्ही ठरवण्याआधी कोरा कागद मुलीच्या वडिलांपुढे ठेवा आणि पहिली ओळ त्यांना लिहू द्या.

तुमची,
ताई