टच बेस म्हणजे नक्की काय करायचं?

अरे, तुझा म्युनिक आणि ओसाकाच्या टीमला जाणारा मेल वाचला. पाठवू नकोस अजून. इंग्रजी चुकीचं नाहीये, उलट जरा जास्तच सफाईदार आहे आणि तिथेच गोची आहे. पहिल्या चार ओळींत तू "जस्ट वॉन्टेड टू टच बेस", मग "बॉलपार्क फिगर सहा वीक्स" आणि शेवटी "बट दे कीप मूव्हिंग द गोलपोस्ट्स" असं सगळं ठोकून दिलंयस. आपल्या ऑफिसात कॉलवर दिवसभर हेच ऐकायला येतं त्यामुळे हातातून आपोआप उतरतं, मला माहितीये, माझंही तेच व्हायचं.

वाचणाऱ्याला हे शब्द माहीत नसतील, म्हणून सोपे शब्द टाक, एवढंच मी सांगणार असं तुला वाटेल. तेवढं असतं तर मीच तीन शब्द बदलून मेल पुढे ढकलला असता. पण बदलायला बसलं की कळतं, या वाक्प्रचारांच्या आड आपण एक निर्णय घ्यायचा टाळलेला असतो. साधं लिहायचं तर तो आधी घ्यावा लागतो.

टच बेस बघ. बेसबॉलमध्ये पळणाऱ्याला प्रत्येक बेसला पाय लावावा लागतो, तिथून हे आलं असं मानतात. तुझ्या वाक्यात त्याचा अर्थ काय? तुला त्यांच्याकडून उत्तर हवंय, की नुसतं कळवायचंय, की कॉल करायचाय? कॉल असेल तर कोण लावणार, कधी, कशाबद्दल? मी हे तुला विचारलं असतं तर तूही दोन मिनिटं गप्प बसला असतास. माझ्या एका जुन्या प्रोजेक्टात, तेव्हाही डेटा एका सिस्टिममधून दुसरीत हलवायचं काम होतं, मी असंच "लेट्स टच बेस ऑन फ्रायडे" लिहिलं आणि समोरून अगदी नम्रपणे प्रश्न आला की शुक्रवारी तुम्ही डेटाबेसला हात लावणार असाल तर आम्ही आदल्या दिवशी बॅकअप घ्यायचा का. हसू नकोस, त्या माणसाने डोकं चालवून त्याला दिसणाऱ्या शब्दांतून सगळ्यात शहाणा अर्थ काढला होता. चूक माझी होती.

तर तुझी पहिली ओळ अशी कर: मला गुरुवारी, 12 जूनला, अर्धा तास कॉल हवाय, जुनी इनव्हॉइसेस कोणत्या क्रमाने हलवायची हे ठरवायला. वेळ तिन्हीकडची लिही, आपले दुपारचे साडेबारा म्हणजे म्युनिकला सकाळचे 9 आणि ओसाकाला दुपारचे 4. आणि महिन्याचं नाव अक्षरात लिही हं, 12/6 लिहिलंस तर कोणी डिसेंबरची सहा तारीख वाचेल.

तू म्हणशील हे जरा हुकूम सोडल्यासारखं वाटतं. बरोबर आहे, टच बेस त्यासाठीच तर वापरतात, त्यात एक "घाई नाही हो, सहज विचारतोय" असा मऊपणा असतो. मग तो मऊपणाच साध्या शब्दांत लिही ना. ही वेळ जमत नसेल तर शुक्रवारी चालेल, मंगळवारपर्यंत कळवलंत तरी पुरे. नम्रपणा तोच राहिला आणि त्यांना कधीपर्यंत उत्तर द्यायचं तेही कळलं.

आता बॉलपार्क. हा तुझ्या मेलमधला सगळ्यात महागात पडू शकणारा शब्द आहे. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान, आणि जपानी लोक बेसबॉलवेडे आहेत त्यामुळे ओसाकाला कळेल असं वाटत असेल तर तसं नाही, खेळ माहीत असला म्हणजे इंग्रजीतला वाक्प्रचार माहीत असतो असं थोडंच आहे. क्रिकेट आपल्या रक्तात आहे म्हणून इंग्लंडमधला प्रत्येक क्रिकेटी वाक्प्रचार आपल्याला पहिल्या फटक्यात कळतो का? जर्मनांची तर वेगळीच गंमत. ते अंदाजे आकड्याला हाउसनुमर म्हणतात, म्हणजे घर नंबर. उद्या म्युनिकच्या बाईंनी तुला शब्दशः इंग्रजीत लिहिलं की मी तुला खर्चाचा एक घर नंबर देते, तर तू पत्ता शोधत बसशील. आपण अंदाजपंचे दाहोदरसे म्हणतो ते त्यांना सांगून बघ म्हणजे फिट्टंफाट.

पण शब्द कळला नाही तर निदान विचारतील तरी. खरा धोका कळल्यासारखं वाटण्यात आहे. वाचताना अनोळखी शब्दावरून डोळा सरकतो आणि "सहा आठवडे" एवढंच डोक्यात राहतं, पुढे तो आकडा कोणीतरी त्यांच्या भाषेत करून बजेटच्या शीटमध्ये टाकतो, तिथे बॉलपार्क हा शब्द जातच नाही. महिनाभराने ती तारीख तुझ्या नावावर वचन म्हणून परत येते.

आणि समज त्यांना शब्द पक्का माहीत आहे, तरी प्रश्न सुटत नाही. अंदाजे म्हणजे किती अंदाजे? प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं जे पीएमबॉक नावाचं गाइड आहे, त्यात अगदी सुरुवातीच्या ढोबळ अंदाजासाठी उणे 25 ते अधिक 75 टक्के अशी पट्टी उदाहरण म्हणून दिलीये. तुझ्या सहा आठवड्यांना ती लावली तर साडेचार ते साडेदहा आठवडे होतात. तुझ्या मनात हेच होतं का? काल जेवताना तू मला म्हणालास पाचच्या आत होणार नाही आणि फार तर नऊ. मग तेच लिही की. पाच ते नऊ आठवडे. हा अंदाज फक्त टेबलांची संख्या बघून काढलाय, आतला डेटा आम्ही अजून पाहिलेला नाही. हा आकडा कॉन्ट्रॅक्टमध्ये किंवा बजेटमध्ये वापरू नये. सॅम्पल डेटा मिळाल्यावर दहा दिवसांत पक्का अंदाज देतो. चार छोटी वाक्यं झाली, एका शब्दाच्या जागी चार, होऊ देत. मेल लांबला म्हणून कोणी ओरडलेलं मी अजून पाहिलं नाहीये, चुकलेल्या तारखेवरून मात्र भरपूर ऐकलंय.

एक लक्षात ठेव, बॉलपार्क काढून तिथे "अ‍ॅप्रॉक्झिमेटली" टाकलंस तर शब्द सोपा झाला पण टाळलेलं ते टाळलेलंच राहिलं. पट्टी, ती कशावरून काढली आणि ती कशासाठी वापरायची नाही, हे तिन्ही आलं पाहिजे.

गोलपोस्टबद्दल जरा सांभाळून बोलते, कारण तुझा राग मला कळतो. पण हा नुसता वाक्प्रचार नाहीये, हा आरोप आहे. खेळ चालू असताना गोलचे खांब हलवणं म्हणजे लबाडी. आणि तू "दे" लिहिलंयस, ते कोण? म्युनिकचे लोक. मेल कोणाला जातोय? म्युनिकलाच. तू मनातल्या मनात आपल्या मॅनेजरशी बोलत होतास आणि बोटं क्लायंटला लिहीत होती. ज्याला अर्थ कळला त्याला राग येणार, आणि ज्याला नाही कळला तो बिचारा कुठले पोस्ट, कुठे हलवले म्हणून स्क्रीनवर बटणं शोधणार.

राग बाजूला ठेवून नुसतं घडलं ते लिहून बघ. 3 मेच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं की रिपोर्ट 5 सेकंदांत उघडला पाहिजे. 20 मेच्या मेलमध्ये ती अट 2 सेकंद झाली. 2 सेकंदांसाठी इंडेक्स नव्याने बांधावे लागतील, त्याला 8 दिवस जास्त लागतील. तुम्हाला 2 सेकंद हवेत आणि 8 दिवस मान्य आहेत, की 5 सेकंदच ठेवायचे? संपलं. यात तक्रारीचा एक शब्द नाही आणि तुझी बाजू गोलपोस्टवाल्या वाक्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे, कारण आधी काय, नंतर काय, कधी बदललं आणि त्याची किंमत किती, हे आता त्यांच्या समोर आहे. शेवटी प्रश्न आहे त्यामुळे उत्तरही द्यावंच लागेल. हे लिहिताना कधीकधी असंही लक्षात येतं की आपल्याकडे 3 मेची लेखी नोंदच नाहीये, म्हणजे खांब हलले की आपणच ते मनाने रोवले होते हे सांगता येत नाही. तुझ्याकडे मीटिंगच्या नोट्स आहेत ना? मेल पाठवायच्या आधी त्या काढून ठेव.

इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचं तरी एकमेकांत जमतं असं समजू नकोस. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता, ते म्हणाले हा आपण टेबल करू. अमेरिकनांच्या इंग्रजीत टेबल करणं म्हणजे बाजूला ठेवून देणं. दोघांना एकच गोष्ट हवी होती आणि तरी चांगलीच जुंपली, हे खुद्द चर्चिलने लिहून ठेवलंय.

आता सगळेच वाक्प्रचार झाडून काढायला निघू नकोस, बॉटलनेक, डेडलाइन, फीडबॅक हे राहू दे. माझी कसोटी साधी आहे, वाचणाऱ्याने डिक्शनरी उघडली तर पहिल्या अर्थातच काम होतं का? बॉटलनेकचं होतं. पण "पुट ऑफ", "लुक इनटू", "टर्न डाउन" हे बघ, पुट माहीत, ऑफ माहीत, आणि दोन्ही जोडून पुढे ढकलणं कसं झालं हे कोणालाच सांगता येत नाही. छोटे शब्द दिसायला सोपे असतात म्हणून आपण तिथे सावध नसतो. पोस्टपोन, इन्व्हेस्टिगेट, रिजेक्ट हे शब्द शाळेत जड वाटायचे पण परक्या वाचकाला तेच बरे पडतात, कारण त्यांना अर्थ एकच असतो. नाहीतर काही लोक याच नादात "अ‍ॅसर्टेन" वगैरे लिहायला लागतात, ते नको.

आणि आपली खास देशी मंडळी विसरू नकोस. तुझ्या मेलच्या शेवटी आहे "प्लीज रिव्हर्ट". आपल्याकडे रिव्हर्ट म्हणजे उत्तर द्या. प्रोग्रामरला रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल मागे घ्या, git revert मारा. तू हे डेटा मायग्रेशनच्या मेलमध्ये लिहितोयस, जरा विचार कर! "डू द नीडफुल"चंही तेच, नीडफुल म्हणजे नक्की काय ते तुला माहीत असेल तर ते लिही, आणि माहीत नसेल तर त्यांना तरी कुठून कळणार.

हे सगळं लिहिण्यापुरतं आहे. उद्या लंडनचा कोणी कॉलवर टच बेस म्हणाला तर त्याचं इंग्रजी सुधारायला जाऊ नकोस, फक्त विचार, म्हणजे गुरुवारी कॉल करायचा ना? आणि कॉलनंतरच्या नोट्समध्ये तारखेसकट लिही.

सब्जेक्ट लाइनसुद्धा बदल, "क्विक टच बेस" बघून ओसाकाला तो मेल कशाचा आहे हे कळणार नाही, तिथे "12 जूनचा कॉल आणि दोन निर्णय" असं काहीतरी टाक. नवा ड्राफ्ट संध्याकाळी 6 च्या आत पाठव, मी सातला निघते, त्याआधी वाचून ठेवेन.