स्पॉन्सरशिप कंपनीची, खर्च कुणाचा?

"माझा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर आहे, वय २९. इंग्लंडमधल्या एका कंपनीत वर्षाला ४५,००० पौंडांची नोकरी मिळतेय, व्हिसा तीन वर्षांचा. एजन्सी म्हणते स्पॉन्सरशिप पक्की आहे, फक्त सर्टिफिकेटचे ४,००० पौंड आधी भरा. रिलोकेशनचे २,००० पौंड मिळतील, पण दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर परत करायचे. सून नोकरी करते, ती सोडेल. नात तीन वर्षांची आहे. एवढं सगळं जुळून आलंय आणि मुलगा आकडेमोड करत बसलाय. आम्ही नातेवाइकांना सांगूनही टाकलंय. त्याचं मन कसं वळवावं?"
— एक वडील

मुलाचं मन वळवायच्या आधी एक काम करा. ते ४,००० पौंड भरू नका. ज्याला तुम्ही सर्टिफिकेट म्हणताय, ते सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप कंपनीने द्यायचं असतं आणि त्याची फी कंपनीनेच भरायची असते. ३१ डिसेंबर २०२४ पासून दिलेल्या सर्टिफिकेटची फी स्किल्ड वर्कर व्हिसावर येणाऱ्या माणसाकडून वसूल करायला ब्रिटनच्या नियमांत मनाई आहे. त्याच्या जोडीला परदेशी कर्मचारी आणल्याबद्दल कंपनीला सरकारकडे इमिग्रेशन स्किल्स चार्ज भरावा लागतो, तोही कर्मचाऱ्याच्या माथी मारता येत नाही. मग एजन्सी हे पैसे कशाचे मागतेय? हे तिला लेखी विचारा. उत्तर येण्याऐवजी "उद्यापर्यंत भरा, नाहीतर जागा जाईल" असा फोन आला, तर तुम्हाला कळायचं ते कळेल.

आता तुमच्या पत्रातल्या "ती सोडेल" या दोन शब्दांकडे येतो. हे सुनेला कुणी विचारलं का? विचारलं असेल तर ती काय म्हणाली, हे पत्रात नाही. मुलगा आकडेमोड करतो ही तुमची तक्रार आहे, पण या घरात एक पगार थांबणार आहे आणि तो आकडा फक्त त्याच्याच कागदावर असावा असं मला दिसतंय. नातेवाइकांना सांगून झालंय, ही अडचण तुमची आहे. ती त्याच्यावर लादू नका.

एक गैरसमज मात्र तुमच्याइतकाच पुष्कळ तरुणांचाही असतो: कंपनी सरकारी यादीत आहे, म्हणजे स्पॉन्सरशिप मिळाली. gov.uk वर "Register of licensed sponsors: workers" ही यादी कुणालाही उघडून पाहता येते. ऑफर लेटरवर कंपनीचं जे कायदेशीर नाव आहे, नेमकं तेच तिथे शोधा. मिळतंजुळतं नाव किंवा एखादी भगिनी कंपनी चालत नाही. नावापुढे स्किल्ड वर्कर हा मार्ग आणि ए दर्जा आहे का, तेही पाहा. पण हे सगळं जुळलं तरी कंपनीकडे परवाना आहे एवढंच सिद्ध होतं. देशाबाहेरून अर्ज करणाऱ्यासाठी कंपनीला त्या एका माणसासाठी, त्या एका पदासाठी 'डिफाइन्ड' सर्टिफिकेट होम ऑफिस म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याकडून वेगळं मागून घ्यावं लागतं. म्हणून मुलाने कंपनीच्या एचआरला (एजन्सीला नव्हे) विचारायचं: माझ्या नावाने डिफाइन्ड सर्टिफिकेट मागितलंय का, आणि त्यात व्यवसायाचा संकेतांक कोणता टाकलाय? संकेतांक महत्त्वाचा, कारण जुलै २०२५ पासून या व्हिसासाठी सर्वसाधारण किमान पगार ४१,७०० पौंड असला, तरी त्या व्यवसायाचा ठरलेला दर त्याहून जास्त असेल तर तोच लागू होतो. म्हणजे ४५,००० पुरतील की नाही, हे संकेतांक कळल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. एजन्सी तर नाहीच नाही.

इंग्रजीची परीक्षा ही यातली सोपी पायरी: जानेवारी २०२६ पासून बी२ पातळी लागते, आणि आयईएलटीएस देणार असेल तर यूकेव्हीआयसाठीचीच, म्हणजे ब्रिटनच्या व्हिसासाठी चालणारीच द्यावी.

स्पॉन्सर म्हणजे खर्च उचलणारा, असंही तुम्ही धरून चाललात. स्पॉन्सर फक्त त्या पदाची आणि माणसाची जबाबदारी घेतो. व्हिसाची फी आणि आरोग्य अधिभार कंपनीने भरावा असं बंधन नाही, तो बोलणीचा भाग आहे. २०२५ च्या दरांनी तुमच्या घरचा हिशेब मांडून पाहू. तीन वर्षांपर्यंतच्या व्हिसाची फी माणशी ७६९ पौंड, म्हणजे तिघांचे २,३०७. आरोग्य अधिभार मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ आणि मुलाला ७७६. तो सगळ्या वर्षांचा एकदम, अर्ज करतानाच भरावा लागतो. मुलगा आणि सून मिळून ६,२१०, नातीचे २,३२८. झाले १०,८४५ पौंड, अजून विमानाचं तिकीट काढलेलं नाही. तिथे उतरल्यावर घराचं डिपॉझिट (कायद्याने जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं भाडं) आणि पहिल्या महिन्याचं भाडं लागेल. समोर रिलोकेशनचे २,००० आहेत, तेही परतफेडीच्या अटीवर. शिवाय ते आधी मिळणार की पहिल्या पगाराबरोबर, हे तुमच्या पत्रात नाही.

महिन्याचं बघा. ४५,००० मधून आयकर आणि नॅशनल इन्शुरन्स वजा जाता महिन्याला साधारण २,९९० उरतात, पेन्शनची कपात धरली तर २,८५० च्या आसपास. भाडं १,१०० धरू, कौन्सिल टॅक्स १५०, वीज-गॅस-पाणी-इंटरनेट २५०. ही माझी धरलेली रक्कम आहे. मुलाने कंपनीच्या पत्त्याजवळची खरी भाडी पाहून ती बदलावी, कारण शहर बदललं की सगळ्यात जास्त फरक भाड्यात पडतो. उरले १,३५०. त्यात खाणं, प्रवास आणि पाळणाघर.

सुनेला तिथे नोकरी करता येते, डिपेंडंट व्हिसावर तशी मुभा आहे. अडतं पाळणाघरापाशी. इंग्लंडमध्ये तीन-चार वर्षांच्या सगळ्या मुलांना आठवड्याला १५ तास मोफत मिळतात, तेही शाळेच्या ३८ आठवड्यांत. नोकरदार आई-वडिलांना मिळणारे ३० तास मात्र दोघांच्याही व्हिसावर सरकारी मदत न घेण्याची अट असेल तर मिळत नाहीत, आणि ती अट या व्हिसावर असते. म्हणजे ती पूर्णवेळ नोकरीला लागली, तर तिच्या पगारातला मोठा तुकडा पाळणाघरालाच जाईल. एवढ्यासाठीच तिला आधी विचारायला हवं.

परतफेडीच्या अटीत दोन बदल मागता येतात. रक्कम दर महिन्याला कमी होत जावी, आणि कंपनीनेच काढून टाकलं तर काहीही परत करावं लागू नये. दुसरा मुद्दा गंभीर आहे, कारण नोकरी गेली की होम ऑफिस व्हिसाची मुदत कमी करतं आणि नवा स्पॉन्सर शोधायला सहसा ६० दिवसच हाती राहतात. त्या काळात वर कंपनीचं देणं नको.

कंपनी खरी निघाली आणि संकेतांकाचा दर बसला, तर मुलाने आधी एकट्याने जाण्याचा विचार करावा. त्याचा एकट्याचा व्हिसा आणि अधिभार मिळून ३,८७४ पौंड होतात. सून आणि नात वर्षभराने गेल्या, तर त्यांचा व्हिसा त्याच्या मुदतीपर्यंतचाच, म्हणून अधिभारही दोनच वर्षांचा. तोवर इथला एक पगार चालू राहतो आणि नोकरी टिकते की नाही तेही कळतं. ताटातूट कितपत झेपेल, हे त्या दोघांनी ठरवायचं. पुढचं पत्र मुलाला लिहू द्या, आणि त्याची ती आकडेमोड सोबत जोडायला सांगा.