स्पीकरचं आवाजाचं बटण दाबलं की गाणंच बदलतं

"माझ्या ब्लूटूथ स्पीकरचं आवाजाचं बटण दाबलं तर कधी काहीच होत नाही, कधी गाणंच पुढे जातं. काय बिघडलं असेल?"

आधी बटण दाबून धरून बघा. बऱ्याच स्वस्त स्पीकरांत प्लस-मायनसला दोन-दोन कामं असतात: पटकन दाबून सोडलं की गाणं बदलतं आणि साधारण सेकंदभर धरून ठेवलं की आवाज वाढतो. काही स्पीकरांत नेमकं उलटं असतं. दोन्ही प्रकार फोनवर आणि मेमरी कार्डावरही करून बघा. दर वेळी सारखंच उत्तर मिळालं तर स्पीकर ठीक आहे, खोलू नका.

धरून ठेवल्यावरही गाणी भराभर उडत असतील तर बटण खराब झालंय. आतला पत्रा मळला की तुमचं बोट दाबलेलंच राहतं, पण जोड तुटत-जुळत राहतो. मग एक लांब दाब चिपला चार छोटे दाब वाटतात.

दुसरा प्रकार जास्त फसवा. मी जळगावात दुरुस्तीचं काम करतो. गेल्या उन्हाळ्यात एका रसवंतीवरचा स्पीकर आला होता, त्यात मायनस दाबलं की प्लसचं काम व्हायचं. अशा बोर्डावर बहुधा सगळी बटणं एकाच तारेवर असतात. प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर असतो आणि किती ओहम आले त्यावरून चिप बटण ओळखते. त्या बोर्डावर मायनसला २.२ किलोओहमचा रेझिस्टर होता, प्लसला ४.७ चा. बॅटरीचा जोड काढून मायनसच्या स्विचवर मीटर लावला. चांगला स्विच दाबल्यावर जेमतेम एखादा ओहम दाखवतो, हा मात्र २ ते ३ किलोओहमवर हलत होता. २.२ मध्ये तेवढे मिळवा, बेरीज प्लसच्या जवळ जाते. उसाच्या रसाचे हात लागून लागून साखर आत गेली होती.

आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब टाकून बटण पन्नासेक वेळा दाबलं, अर्धा तास वाळू दिलं. दोन दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. साखर आत गेली असेल तर धुण्यावर भरवसा ठेवू नका, स्विच बदला. सगळीच बटणं एकदम मेली असतील तर मात्र स्विच बदलण्याआधी त्या छोट्या बोर्डाची मुख्य बोर्डाला जाणारी पट्टी काढून नीट बसवा.

नवा स्विच घेताना जुना सोबत न्या. ६ बाय ६ मिलिमीटरचा स्विच काही रुपयांत मिळतो, पण दांडीची उंची वेगवेगळी असते. ती अर्धा मिलिमीटर जरी जास्त झाली तरी वरचं रबर बटण कायम दाबून ठेवू शकतं आणि आवाज आपोआप चढत जातो. म्हणून झाकणाचे स्क्रू आवळण्याआधी रबर बसवून प्रत्येक बटण टक् वाजतंय ना, ते बघा.