अधिक ज्येष्ठ आणि वटपौर्णिमा

प्रश्न : अधिक महिना म्हणजे नक्की काय? २०२६ मध्ये ज्येष्ठ दोनदा आहे, मग वटपौर्णिमा कोणत्या ज्येष्ठातली धरायची? आणि गणपती एवढे उशिरा का?

वटपौर्णिमा निज, म्हणजे दुसऱ्या ज्येष्ठातली, २९ जूनला.

आपला महिना अमावास्या संपली की सुरू होतो आणि पुढच्या अमावास्येला संपतो. त्या काळात सूर्य ज्या राशीत शिरतो, त्यावरून महिन्याचं नाव ठरतं : मेषेत शिरला तर चैत्र, वृषभेत वैशाख, मिथुनेत ज्येष्ठ. सूर्य एका राशीत साधारण साडेतीस दिवस राहतो, चांद्रमास मात्र साडेएकोणतीस दिवसांचा. त्यामुळे कधीतरी एक अख्खा महिना संक्रांतीविना जातो. तोच अधिक. त्याला स्वतःचं नाव नसतं. पुढच्या महिन्याचं उसनं घेतो.

२०२६ चंच पाहा. सूर्य १५ मेला वृषभेत गेला, तेव्हा वैशाख चालू होता. वैशाखी अमावास्या १६ मेच्या रात्री दीडच्या सुमारास संपते (इंग्रजी तारीख १७), पुढची १५ जूनला सकाळी साडेआठच्या आत. सूर्य मिथुनेत जातो तो त्याच दिवशी दुपारी एकच्या सुमारास. साडेचार तासांनी संक्रांत हुकली आणि आख्खा महिना अधिक ठरला! म्हणून १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, १६ जूनपासून निज.

सणवार निज महिन्यात. अधिकात वाण, दान आणि जावयाला धोंडे, बस्स. एरवी सण दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकतात : गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. अधिक आडवा आला की त्यापुढचे सण एकदम पुढे ढकलले जातात, म्हणून २०२६ मध्ये १४ सप्टेंबर. गुढीपाडवा अधिकाच्या आधी येऊन गेलेला असल्यामुळे १९ मार्चलाच होता. त्याला धक्का बसतो तो २०२७ मध्ये, ७ एप्रिलला. मकरसंक्रांत सूर्यावर चालते, तिला याचा काही फरक पडत नाही.

घोळ होतो तो उत्तर भारतातल्या दिनदर्शिकेमुळे. तिथे महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून आपला वैशाख वद्य पक्ष त्यांचा ज्येष्ठ कृष्ण असतो. अधिक महिना मात्र दोघांचाही अमावास्या ते अमावास्याच. त्यामुळे त्यांच्या ज्येष्ठाचे दोन तुकडे होऊन मध्ये अधिक बसतो. त्यांचं वटसावित्री व्रत ज्येष्ठ अमावास्येचं, ते १६ मेला, अधिकाच्या आधीच. आपली पौर्णिमा त्यानंतर ४४ दिवसांनी. एरवी हे अंतर पंधरवड्याचंच असतं. मोबाइलवरच्या पंचांगात तारीख वेगळी दिसली तर आधी तिथे ‘अमान्त’ निवडलंय की ‘पूर्णिमान्त’, ते बघा.

आणि त्या वर्षीच्या पत्रिकेत नुसतं ‘ज्येष्ठ शु. पंचमी’ लिहू नका. ‘निज ज्येष्ठ’ असं लिहा, नाहीतर तिथीच्या दोन तारखा निघतात.