हप्ता, भाडं आणि हातातली रक्कम

"दर महिन्याला भाडं भरतो म्हणजे पैसे पाण्यातच घालतो ना? थोडी भर घालून हप्ता भरला तर निदान घर आपलं होईल. सात-आठ वर्षं इथेच राहायचं आहे. फ्लॅट घेऊन टाकावा का?"

ती दोघं आली ती जवळजवळ ठरवूनच आली होती. मी कागद पुढे ओढला आणि फ्लॅटची किंमत १०० धरली, म्हणजे मोठ्या आकड्यांनी कुणी बिचकायला नको.

त्यांची स्थिती अशी होती. स्वतःचे २० आणि नोंदणी, कर, किरकोळ खर्चाचे ७, असे २७ ठेवीतून काढायचे. उरलेलं ८० कर्ज, साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी. त्याचा वर्षाचा हप्ता ८.३ आणि देखभाल १. तसल्याच फ्लॅटचं भाडं मात्र वर्षाला फक्त ३. म्हणजे "थोडी भर" नव्हती, खर्च तिपटीहून जास्त होणार होता.

पाण्यात जाणाऱ्या पैशाचं म्हणाल, तर पहिल्या वर्षीच्या हप्त्यातले सुमारे ६.७ निव्वळ व्याजात जातात, मुद्दल फिटते जेमतेम १.६. मुद्दल ही बचतच, ती खर्चात धरायची नाही. पण व्याज परत मिळत नाही, तसंच भाडंही नाही. त्यामुळे हप्त्याची तुलना सरळ भाड्याशी करणं मुळातच चुकतं.

यातली सगळ्यात जास्त विसरली जाणारी रक्कम त्या २७ची. ते ठेवीतच राहिले असते आणि कर जाऊन ७ टक्के मिळाले असते, तर सात वर्षांत त्यांचे ४३ झाले असते. फ्लॅट घेतला की ही वाढ सोडून द्यावी लागते. तिची पावती कुठेही फाटत नाही, म्हणून ती हिशोबात येत नाही.

मग सात वर्षांनंतरचं चित्र मांडलं. किंमत वर्षाला ५ टक्के वाढली, तर फ्लॅट १४१ला जातो. विक्रीचा खर्च आणि उरलेलं ६५चं कर्ज वजा जाता हातात येतात ७२. दुसरीकडे भाड्यात राहून २७ गुंतवले आणि हप्ता-देखभालीतून भाडं वजा जाता उरणारी रक्कमही दरमहा गुंतवली, तर ९७ जमतात. यात भाडं आणि देखभालही दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढेल असं धरलं आहे. दोन्ही बाजू बरोबरीत यायला फ्लॅटची किंमत दरवर्षी साधारण साडेसात टक्के वाढायला हवी.

"आमच्या भागात दहा वर्षांत भाव दुप्पट झाले," तो म्हणाला. ऐकायला हे फार मोठं वाटतं, पण दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला ७.२ टक्के. शिवाय तो भाव नव्या इमारतींचा, तोही सांगितलेला. आपण विकायला निघू तेव्हा आपला फ्लॅट सात वर्षांनी जुना असणार. म्हणून त्याच भागात त्या वयाचे फ्लॅट प्रत्यक्ष कितीला विकले गेले, ते नोंदणीच्या कागदांतून पाहा, असं मी सुचवलं.

भाडं ३ऐवजी ५ असतं, तर मी एवढी अडून बसले नसते. तेव्हा बरोबरीला साडेपाच टक्के वाढ पुरते. किंमत आणि वार्षिक भाडं यांचं हे प्रमाण प्रत्येकाने आपल्या फ्लॅटसाठी आधी काढावं, बाकीचं गणित बरंचसं त्यावर हलतं.

इथवर भाड्याची बाजू जड होती. पण मला त्या ९७ची धास्ती होती. मी विचारलं, "गेल्या वर्षी खर्च भागून शिल्लक किती टाकलीत?" दोघं एकमेकांकडे पाहू लागली. बँकेच्या नोंदी काढल्या, तर वर्षाची बचत ३च्या आसपास, म्हणजे वरच्या गणितात पहिल्या वर्षी जी ६.३ बाजूला पडायला हवी तिच्या निम्मीच. निम्मीच गुंतवत राहिली, तर सात वर्षांनी ९७ऐवजी ७० जमतात. म्हणजे फ्लॅट किंचित पुढे! हप्ता चुकवता येत नाही, म्हणून तो बचत घडवून आणतो. हाही घराचा खरा फायदा आहे, आणि भाड्याच्या बाजूने बोलणारे तो सोयीने वगळतात.

म्हणून मी "घ्या" किंवा "घेऊ नका" म्हटलं नाही. पगाराच्या दिवशीच हप्ता-देखभालीतून भाडं वजा करून उरेल तेवढी रक्कम आपोआप वेगळ्या खात्यात जाऊ द्या आणि सहा महिने तिला हात लावू नका, असं सांगितलं. हप्ता झेपतो का, याचीही त्यातच चाचणी होणार होती.

सहा महिन्यांनी दोघं आली तेव्हा चार महिने पूर्ण रक्कम गेली होती, दोनदा काढून घेतली होती, एकदा गाडीच्या दुरुस्तीला आणि एकदा घरातल्या आजारपणाला. ती स्वतःच म्हणाली, "हप्ता सुरू असता तर या दोन महिन्यांत उसने घ्यावे लागले असते." आधी सहा महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक साठवायची, तोवर भाड्यातच राहायचं आणि मग हेच गणित नव्या भाड्याने पुन्हा मांडायचं, असं ठरवून दोघं उठली.