शेवट आधी वाचला तरी चालेल

चि. लेकी, अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न दोनदा वाचला. परीक्षेनंतर मन थाऱ्यावर नाही, नवं पुस्तक उघडलं की दहाव्या पानावर छातीत धडधडतं, म्हणून तू पुन्हा ‘व्यक्ति आणि वल्ली’ घेऊन बसतेस, आणि त्याचीच तुला लाज वाटते. लाज कसली त्यात? मी ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीत बसत असे, तेव्हा तेच पुस्तक चौथ्यांदा नेणारी माणसं रोज दिसायची. कुणाच्या घरी आजारपण असायचं, कुणाची नोकरी गेलेली असायची. मी मुकाट्याने शिक्का मारून द्यायची.

मात्र एक गोष्ट बघ. तुझं हे लाडकं पुस्तक काही नुसतं हसरं नाही. अंतू बर्वा वाचताना आपण हसत हसत जातो आणि शेवटी त्याच्या एकटेपणाने घसा दाटतोच. तरी तुला तिथे धडधडत नाही, कारण घसा कुठे दाटणार ते तुला आधीच ठाऊक असतं. म्हणजे तुला दुःख नकोय असं नाही, बेसावध गाठणारं दुःख नकोय. हे एकदा ध्यानात आलं की नव्या पुस्तकाचं कोडं निम्मं सुटतं.

सुटतं ते असं: शेवट आधी वाचायचा. नाक मुरडू नकोस. 2011 मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लेव्हिट आणि क्रिस्टनफेल्ड या दोघांनी बारा लघुकथा घेऊन हेच तपासलं होतं. ज्यांना शेवट आधी सांगून टाकला, त्यांना कथा सरासरीने थोड्या अधिकच आवडल्या. फरक मोठा नव्हता, नंतरच्या काही प्रयोगांत उलटही निघालं, आणि ते वाचक काही तुझ्यासारखे घाबरलेले म्हणून निवडलेले नव्हते. पण शेवट कळला की पुस्तक मेलं, ही समजूत तेवढी सोडून दे.

आता तुझ्यापुरतं सांगते. ‘व्यक्ति आणि वल्ली’वरून एकदम जाडजूड कादंबरीवर उडी मारू नकोस. मध्ये व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ घे. 1949 चं पुस्तक, पण घाट तुझ्या ओळखीचा: एकेक माणूस, एकेक छोटं व्यक्तिचित्र. एका बैठकीत एक संपतं, त्यामुळे रात्री ‘पुढे काय’ हे ओझं उशाशी राहत नाही. मात्र ही दुष्काळी मुलखातली गरीब माणसं आहेत, विनोदाची अपेक्षा धरून जाऊ नकोस.

ते पचलं की त्यांचीच ‘बनगरवाडी’. कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला येतो, हळूहळू गावचा होतो, सगळे मिळून तालीम बांधतात. आणि शेवट आत्ताच सांगते: दुष्काळ पडतो, वाडी उठून जाते. हे माहीत असलं की तालमीची पानं वेगळीच लागतात बघ. मला तर ती दुसऱ्या वाचनात जास्त आवडली, पहिल्यांदा मी नुसती पुढे धावत होते. नवं पुस्तक दिवसाउजेडी वाच, पंधरा-वीस पानं, आणि प्रकरण संपण्याआधीच, काही विशेष घडत नसेल तिथे, खूण घालून ठेव. प्रकरणाच्या शेवटी लेखक मुद्दाम गाठ मारून ठेवतो, तिथे थांबलीस तर झोप गेलीच म्हणून समज. रात्री उशाशी जुनंच असू दे.

जुन्याचीही एक खोड असते. आई रुग्णालयात होती तेव्हा मी एकच पुस्तक महिनोन्‌महिने वाचत होते. एके दिवशी लक्षात आलं, पानं उलटतायत पण नारायण लग्नघरात काय करतोय ते डोळ्यांसमोर येतच नाहीये. वाचन नव्हतंच ते, जपमाळ झाली होती. तुझ्या बाबतीत तसं होतंय का हे पाहायचं तर मिटून ठेवल्यावर आत्ता वाचलेल्यातलं एक वाक्य आठवून बघ. आठवलं, शिवाय आधी निसटलेलं काही दिसलं, तर खुशाल पाचव्यांदा वाच. काहीच आठवेना, आणि वाचन थांबवलं की लगेच धडधड सुरू, तर नव्याचे दोन दिवस करून बघायची वेळ आली.

आणि झोपच लागत नसेल, जेवण जात नसेल, तर पुस्तकांच्या भरवशावर राहू नकोस. आईला सांग, डॉक्टरकडे जा. ते माझं काम नाही.

‘माणदेशी माणसं’ माझ्या कपाटात खालच्या फळीवर आहे, पुठ्ठा सुटलाय म्हणून खाकी कागद घातलाय. रविवारी येशील तेव्हा घेऊन जा. परत देण्याची तारीख घालत नाही.

तुझी,
मावशी