चाळीस संस्था, एक चारी: रिग्रेशन कुठे थांबतं आणि मागोवा कुठून सुरू होतो

नाशिक

सप्रेम आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. काही पाणी वापर संस्था वर्षानुवर्षं चालतात आणि काही दोन-तीन आवर्तनांत कागदावरच उरतात, हे का, हा तुझा प्रश्न. चाळीस संस्थांची माहिती गोळा करून रिग्रेशन करायचं आणि जोडीला 'काही मुलाखती' घ्यायच्या, असं तू लिहिलं आहेस. या दुसऱ्या अर्ध्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे. मुलाखती म्हणजे प्रोसेस ट्रेसिंग नव्हे. प्रोसेस ट्रेसिंग म्हणजे एकेका संस्थेच्या आत कारणापासून परिणामापर्यंतचा मागोवा कडीकडीने घेणं.

आधी रिग्रेशनचं बघू. समजा, चाळीसपैकी बारा संस्था बंद पडल्या आहेत. लॉजिस्टिक रिग्रेशनचा ढोबळ नियम सांगतो की 'चालू' आणि 'बंद' यांत जो गट लहान, त्यातली निदान दहा उदाहरणं दर चलामागे हवीत. म्हणजे तुला फार तर एका चलाची मुभा आहे. तू सात घेतले आहेस. आकडे येतील, सार्थकता दाखवणारे तारेही छापले जातील, पण दोन संस्था वगळून पुन्हा चालवलंस की काही गुणकांची चिन्हंही उलटू शकतील. करूनच बघ. तेव्हा पाणी मोजून दिलं जातं की नाही, हा एकच चल ठेव. बाकीचे काढून टाक.

एवढं करूनही गुणक फक्त इतकंच सांगेल की मोजून पाणी घेणाऱ्या संस्था सरासरीने जास्त टिकतात. मोजणीमुळे संस्था टिकली, की मुळातच नीट चालणाऱ्या संस्थेने मोजणीची साधनं बसवून घेतली, हे त्यातून कळणार नाही. दोन्ही गोष्टी आकड्यात सारख्याच दिसतात. त्यांचा निवाडा एकेका संस्थेच्या आत, तारखांवर होतो.

प्रोसेस ट्रेसिंगची सुरुवात साखळी लिहून काढण्यापासून होते, आणि साखळीची प्रत्येक कडी अशी हवी की तिचा कागदावर किंवा चारीवर माग राहतो. तुझी साखळी अशी होईल: चारीच्या मुखाशी पाणी मोजलं जाऊ लागलं, त्यामुळे सभासदांना कोट्याचा हिशेब दिसला, टेलच्या, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला आपल्या पाळीचं पाणी मिळालं, म्हणून त्याने पाणीपट्टी भरली, त्या पैशातून चारीची दुरुस्ती झाली, म्हणून पुढच्या आवर्तनातही पाणी टेलपर्यंत पोचलं. 'विश्वास वाढला' ही कडी लिहू नकोस. विश्वासाची पावती फाडता येत नाही, पाणीपट्टीची येते.

मग पर्यायी स्पष्टीकरणं तितक्याच नेटाने लिही. एक, द्राक्षबागा वाढल्या, पाण्याचं मोल वाढलं, म्हणून संस्था टिकली. दोन, एखाद्या खंबीर कार्यकर्त्याने ती धरून ठेवली. तीन, कायद्याने टिकवली. हे तिसरं आपल्या जिल्ह्यातच तपासता येतं. वाघाड प्रकल्पावर ओझरच्या पहिल्या संस्था १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उभ्या राहिल्या, समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा महाराष्ट्राचा कायदा आला २००५ मध्ये. म्हणजे त्या संस्थांच्या जन्माचं किंवा २००५ पर्यंत टिकण्याचं कारण हा कायदा असू शकत नाही. एका तारखेने एक स्पष्टीकरण बाद झालं. त्यासाठी चाळीस उदाहरणं लागली नाहीत. मात्र हा निकाल त्या संस्थांपुरता आहे. २००५ नंतर नोंदलेल्या संस्थांना तो लावू नकोस, आणि रिग्रेशनमध्येही हे दोन गट एकत्र मिसळू नकोस.

स्टीफन व्हॅन एव्हेरा यांनी १९९७ मध्ये पुराव्याच्या चार चाचण्या सांगितल्या. त्यातल्या दोन तुला रोज लागतील. पहिली हूप टेस्ट: गृहीतक खरं असेल तर हा पुरावा असायलाच हवा, नसेल तर गृहीतक बाद, असेल तर ते फक्त शर्यतीत राहतं. दुसरी स्मोकिंग गन: हा पुरावा सापडला तर गृहीतकाला भक्कम आधार, न सापडला तर फारसं बिघडत नाही. वसुली वाढण्याआधी मोजणी सुरू झालेली असणं, ही तुझी हूप टेस्ट. 'टेलला मापाने पाणी मिळाल्याने थकबाकी भरत आहोत' असा सभेचा ठराव इतिवृत्तात सापडणं, ही स्मोकिंग गन.

पुराव्याचं वजन मात्र एकाच प्रश्नाने ठरतं: पर्यायी गृहीतक खरं असतं तर हाच पुरावा कितपत सापडला असता? समजा, मोजणीचं आणि द्राक्षांचं गृहीतक सुरुवातीला बरोबरीत आहेत. मोजणीनंतरच्या हंगामात टेलची वसुली मुखापेक्षा जास्त वाढलेली दिसली. मोजणीचं खरं असेल तर असं दिसण्याची शक्यता ०.९ धर, द्राक्षांचं खरं असेल तर ०.३, कारण बागा मुखाशीही वाढल्या असत्या. गुणोत्तर तीनास एक, म्हणजे मोजणीच्या गृहीतकावरचा भरवसा ५० टक्क्यांवरून ७५ वर गेला. पण नुसतं 'वसुली वाढली' एवढंच सापडलं, तर ते दोन्ही गृहीतकांत जवळपास सारखंच अपेक्षित आहे. त्याचं वजन शून्याजवळ. प्रबंधांत ढिगाने असतो तो हाच निरुपयोगी पुरावा. हे आकडे तुझे अंदाज असतील, पण ते दप्तर उघडण्यापूर्वी लिही आणि तारीख टाक. नंतर लिहिलेस तर ते सापडलेल्या पुराव्याच्या मापाने शिवले जातील.

कोणत्या संस्था उघडायच्या, हे रिग्रेशनला विचार. मोजणी आहे आणि संस्था टिकली, अशी एक घे. साखळी खरंच तशी चालली का, हे तिथे दिसेल. मोजणी असूनही बुडालेली एक घे. कोणती कडी तुटली, ते तिथे कळेल. मोजणी नसूनही टिकलेली एक घे. तुझ्या यादीत नसलेलं कारण तिथे भेटेल. मोजणीही नाही आणि संस्थाही नाही, तिथे महिना घालवू नकोस. केवळ यशस्वी संस्था निवडल्यास तर तुझ्या कारणासारखं दिसणारं प्रत्येक कारण तिथे हजर असेल.

दप्तरात चार गोष्टी शेजारी शेजारी मांड: पाणी मोजणीची नोंदवही, पाळीपत्रक, पाणीपट्टीच्या पावत्या आणि सभेचं इतिवृत्त. पावत्या मुख, मध्य आणि टेल अशा वेगळ्या कर. एकूण वसुलीत सगळी गोष्ट झाकली जाते. एखाद्या वर्षाची वही नसेल तर 'त्या वर्षी मोजणी नव्हती' असं लिहू नकोस. आधी बघ, त्या काळातल्या बाकीच्या वह्या शिल्लक आहेत का. त्या असून हीच नसेल तर तिचं नसणं बोलतं. सगळंच दप्तर वाळवीने खाल्लं असेल तर काहीच बोलत नाही.

मुलाखतीत 'मोजणीमुळे फरक पडला का?' असं विचारू नकोस, होच म्हणतील. विचार, त्या वर्षी पाणी तुमच्या बांधावर कधी आलं, किती दिवस मिळालं, पट्टी कधी भरली. साल आठवत नसेल तर छाटणी धरून विचार. बागायतदाराला ऑक्टोबर छाटणी पाण्याआधी झाली की नंतर, हे पक्कं आठवतं. आणि अध्यक्ष, सचिव व पाटकरी तिघांनी तोच किस्सा सांगितला तर ते तीन पुरावे नव्हेत. तिघांनी तो एकाच सभेत ऐकलेला असतो. एकदाच मोज.

तीन संस्थांच्या मागोव्यातून यंत्रणा कशी चालते, हे ठामपणे लिहिता येईल. उरलेल्या सदतीस ठिकाणी ती तशीच चालते, असं लिहिता येणार नाही. तिथे तुझ्याकडे सरासरी आहे, तेवढीच लिही. तिन्ही दप्तरं पुढचं आवर्तन सुटण्याआधी बघून घे. पाणी सुटलं की सचिव कचेरीत नाही, चारीवर भेटतो.

तुझा,
मार्गदर्शक